सही करण्याआधी विचारा

पुण्यात एम.एस्सी. करून संशोधनासाठी जर्मनीला गेलेली, बी-वनपर्यंत जर्मन शिकलेली एक मुलगी डोळ्यांसमोर आणा. रसायनाच्या प्रयोगशाळेतला तिचा पहिला दिवस. सुरक्षेचं काम पाहणारे गृहस्थ आपत्कालीन शॉवर, डोळे धुवायचा फवारा, आग विझवायचं ब्लँकेट दाखवत भराभर बोलताहेत. निम्मं कळतंय, निम्मं निसटतंय. ती मात्र प्रत्येक वाक्याला "या, या" म्हणत मान डोलावते. शेवटी कागद पुढे येतो: इथे सही करा.

ती पेन उचलते आणि थांबते. "माफ करा, कचऱ्याचं मला नीट समजलं नाही. सावकाश सांगाल?"

असं विचारायला संकोच वाटतो, पण विचारणं हा तिचा हक्क आहे. घातक रसायनांविषयीच्या जर्मन नियमांत चौदावं कलम आहे. त्यानुसार काम सुरू होण्यापूर्वी आणि पुढे वर्षातून किमान एकदा तोंडी माहिती द्यावी लागते, तीही ऐकणाऱ्याला समजेल अशा भाषेत. माहिती मिळाली, याची नोंद म्हणून ती सही असते.

गृहस्थ तिला दोन कॅनपाशी नेतात. एकावर लिहिलंय 'हालोगेनफ्राय', दुसऱ्यावर 'हालोगेनहाल्टिग'. घाईत दोन्ही सारखेच वाटतात. पहिल्यात अ‍ॅसिटोन, इथेनॉल, हेक्झेन अशी क्लोरीन-ब्रोमीन नसलेली द्रावकं जातात. दुसऱ्यात डायक्लोरोमिथेन, क्लोरोफॉर्म.

दुपारी तिची परीक्षाच होते. विलगीकरणाच्या नरसाळ्यात डायक्लोरोमिथेनचा थर तळाशी बसलाय, कारण ते पाण्याहून जड. ती तो खालून काढून घेते आणि त्याच थरासाठी वापरलेला फ्लास्क नंतर अ‍ॅसिटोनने विसळते. आता हे अ‍ॅसिटोन कुठे? हात पहिल्या कॅनकडे जातो. शेजारची पीएच.डी. करणारी मुलगी म्हणते, "थांब. त्यात डायक्लोरोमिथेन उरलंय ना?"

असं विसळलेलं अ‍ॅसिटोनही पहिल्या कॅनमध्ये ओतू नये. हा कचरा शेवटी भट्टीत जाळतात. क्लोरीन असलेली द्रावकं जाळली की हायड्रोजन क्लोराइड तयार होतं. ते भट्टी गंजवतं आणि धुरातून धुऊन काढावं लागतं, म्हणून त्यासाठी वेगळी, महागडी व्यवस्था असते. शंका असेल तेव्हा दुसराच कॅन निवडावा. तिथे चुकलं तर खर्च वाढतो, पहिल्यात चुकलं तर पुढच्या माणसाला पत्ताच लागत नाही.

पण "सगळं दुसऱ्यातच" हाही उपाय नव्हे. क्लोरोफॉर्म आणि अ‍ॅसिटोन एकत्र असताना त्यात कॉस्टिक सोड्यासारखा अल्कली पडला, तर मिश्रण जोरात तापतं आणि बंद कॅन फुटू शकतो. म्हणून अल्कलीचा कचरा वेगळ्या डब्यात जातो, आणि ओतणारा आपण काय ओतलं ते कॅनच्या यादीत लिहितो. तिनेही लिहिलं: अ‍ॅसिटोन, थोडं डायक्लोरोमिथेन, तारीख, नाव.