मेनू कार्ड उतरवताना 'हाफ'चा हिशेब

आपल्यातील अनेक बांधवांची हॉटेले आणि खानावळी आहेत. बिलाचे मशीन घेतले की पहिले काम निघते ते मेनू कार्ड त्यात भरण्याचे. हे काम बहुधा घरातल्या एखाद्या मुलाकडे येते. तो कार्ड जसेच्या तसे उतरवतो आणि मग पहिल्याच जुम्म्याला गिऱ्हाइकाशी वाद होतो. कार्ड डोळ्यांसाठी छापलेले असते, मशीनला मात्र प्रत्येक ओळ स्वतंत्र आणि पूर्ण लागते. सगळा घोटाळा या फरकातून होतो.

कापडाच्या धंद्यात ही गोष्ट आपण रोज पाहतो. कापड एकच, पण पन्हा ३६ इंच असेल तर एक भाव आणि ४४ इंच असेल तर दुसरा. म्हणून भावपत्रकात दोन्ही पन्ह्यांच्या दोन ओळी असतात. हाफ आणि फुल यांचेही तसेच समजावे.

भिवंडीतील एका खानावळीचे कार्ड मी नुकतेच उतरवून दिले. त्याचा एक भाग पाहू. 'तंदूर' या मथळ्याखाली तंदुरी चिकन हाफ २३०, फुल ४३०. चिकन टिक्का, हाफच्या खान्यात रेघ, फुलच्या खान्यात २६०. 'हंडी' खाली नुसते 'चिकन' ३२० आणि ६००. 'बिर्याणी' खाली पुन्हा 'चिकन' १३० आणि २४०, 'मटण' १९० आणि ३५०. शेवटी तंदुरी रोटी २० आणि रुमाली २५.

येथे 'चिकन' हा शब्द दोन मथळ्यांखाली एकटाच आहे. मथळा सोडून तो तसाच लिहिला, तर भटारखान्यात 'चिकन हाफ' एवढीच चिठ्ठी जाते आणि बिर्याणीच्या जागी हंडी तयार होते. म्हणून विभागाचे नाव प्रत्येक ओळीत लिहावे, पदार्थाचे नावही पूर्ण लिहावे. 'वरीलप्रमाणे' अशा खुणा करू नयेत, कारण ओळींचा क्रम बदलला की त्या खुणा भलत्याच पदार्थाखाली जातात. ओळी अशा झाल्या:

```
विभाग,पदार्थ,प्रमाण,भाव
तंदूर,तंदुरी चिकन,हाफ,230
तंदूर,तंदुरी चिकन,फुल,430
तंदूर,चिकन टिक्का,प्लेट,260
हंडी,चिकन हंडी,हाफ,320
हंडी,चिकन हंडी,फुल,600
```

टिक्क्याची ओळ पाहा. जेथे रेघ आहे तेथे हाफ मिळतच नाही, म्हणून त्याची ओळच करायची नाही. काही जण तेथे शून्य भरतात, आणि मग शून्य रुपयांचे बिल निघते.

हाफचा भाव कधी मनाने काढू नये. ४३० चे निम्मे २१५ होतात, पण कार्डावर २३० आहेत. हाफमध्ये माल निम्मा असला तरी मेहनत आणि पार्सलचा डबा निम्मा होत नाही. यातूनच एक कसोटीही मिळते. या कार्डात प्रत्येक हाफ हा फुलच्या निम्म्याहून थोडा जास्त आणि फुलपेक्षा कमी आहे. एखाद्या ओळीत हाफ फुलपेक्षा महाग दिसला, तर दोन खाने उलटे झाले असे समजावे. उर्दू कार्डावर ही चूक फार होते. तेथे नाव उजवीकडे असते आणि भावाचे खाने डावीकडे सरकत जातात.

संगणकाच्या तक्त्यात भरताना '230/-' लिहू नये, कारण तो आकडा न राहता मजकूर होतो आणि बेरजेतून सुटतो. हाफसाठी '1/2' लिहिले तर त्याची तारीख होते. 'हाफ' असे अक्षरांतच लिहावे.

आता ताळा. कार्डावर छापलेले भाव मोजा: पदार्थ सात, पण भाव अकरा. तेव्हा ओळीही अकराच हव्यात. मग बेरीज करा. कार्डावरील हाफचा खाना ८७०, दुसरा खाना १९२५, एकूण २७९५. तक्त्याची बेरीजही तेवढीच आली पाहिजे. मात्र दोन भावांची अदलाबदल झाली तरी बेरीज बदलत नाही. म्हणून शेवटी एकाने कार्ड वाचावे आणि दुसऱ्याने तक्ता पाहावा.

तळटीप मात्र मालकाला विचारल्याशिवाय भरू नये. या कार्डात हंडीखाली 'बोनलेस ४० रु. जादा' असे होते. हाफलाही चाळीसच का, हे कार्ड सांगत नव्हते. मालक म्हणाले, हाफला वीस. मग ताळा झाल्यावर 'चिकन हंडी बोनलेस' हाफ ३४० आणि फुल ६४० अशा दोन ओळी वाढवल्या. विचारले नसते, तर प्रत्येक बोनलेस हाफमागे गिऱ्हाइकाकडून वीस रुपये नाहक जादा घेतले गेले असते.