अर्जात वेळ कशी लिहावी

खांडबाऱ्याहून रेल्वेने नंदुरबारच्या कॉलेजात जाणाऱ्या विद्यार्थ्याने गावातल्या किराणा दुकानात अर्धवेळ कामासाठी अर्ज करताना ‘सवडीनुसार येईन’ असं लिहू नये. त्यावरून मालकाला कुणाला कधी बोलवायचं ते ठरवता येत नाही. तास सुटण्याची नव्हे, गावात उतरण्याची वेळ धरावी आणि गाडीला उशीर होतो म्हणून वर अर्धा तास ठेवावा. मग लिहावं: ‘सोमवार ते शनिवार संध्याकाळी ६ ते ९ आणि रविवारी दिवसभर येऊ शकेन. सत्र परीक्षेच्या काळात फक्त रविवारी येईन; वेळापत्रक लागताच त्याची प्रत देईन.’ परीक्षेची ही अडचण रुजू झाल्यावर कळली, तर मालकाला ऐन वेळी बदली माणूस मिळत नाही.