थकलेल्या बिलाचे शेवटचे पत्र

थकलेल्या बिलासाठीचे शेवटचे मागणीपत्र दोन जणांच्या हातात पडते. पहिला ग्राहकाच्या कंपनीतला हिशेब पाहणारा माणूस. त्याला कोणते बिल, किती रक्कम आणि कधीपर्यंत, एवढेच हवे असते. दुसरा माणूस पैसे आलेच नाहीत तर येतो. तो वकील असतो किंवा तंट्याची सुनावणी करणारा अधिकारी, आणि तो पत्रातला प्रत्येक शब्द पुरावा म्हणून वाचतो. त्राग्याने लिहिलेल्या लांबलचक पत्रात पहिल्याला रक्कम सापडत नाही आणि दुसऱ्याला भलतेच काही सापडते.

भोसरीत पुठ्ठ्याचे खोके बनवणाऱ्या एका छोट्या कारखान्याचे नमुन्यादाखल रचलेले उदाहरण घेऊ. 14 जानेवारी 2025 रोजी माल पोहोचला. बिल क्रमांक 112, जीएसटीसह 1,86,400 रुपये, लेखी मुदत 30 दिवसांची. म्हणजे पैसे 13 फेब्रुवारीपर्यंत यायला हवे होते. 3 मार्चला 50,000 रुपये आले, पुढे काहीच नाही. मे महिन्यात मालकाने लिहिलेल्या दोन पानी पत्राचा गाभा असा:

“आपले संबंध इतकी वर्षे घरच्यासारखे आहेत, म्हणून आजवर गप्प बसलो. कामगारांचे पगार, बँकेचे हप्ते, मुलीची फी, सगळे अडले आहे. काही खोके ओलसर निघाले हे आम्हालाही मान्य आहे, पण म्हणून एवढे पैसे अडवून ठेवणे बरोबर नाही. निदान निम्मे तरी लवकरात लवकर द्यावेत. नाहीतर वकिलाकडे, पोलिसांत जावे लागेल आणि बाजारातही सगळ्यांना सांगावे लागेल. ही शेवटची सूचना समजावी.”

यातले दुःख खरे आहे, पण ते मागणीला बळ देत नाही. पत्रात बिलाचा क्रमांक नाही, बाकी रक्कम नाही, तारीख नाही. ‘निदान निम्मे तरी’ या तीन शब्दांनी मालकाने स्वतःच सवलत देऊ केली आहे, तीही कोणी न मागता. पोलिसांची धमकी पोकळ आहे, कारण नुसती उधारी थकणे हा दिवाणी व्यवहार असतो. बाजारात सांगण्याची धमकी तर उलट बदनामीच्या तक्रारीला वाट करून देते.

सर्वांत महागात पडणारे वाक्य ओलसर खोक्यांचे आहे. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांसाठीच्या 2006 च्या कायद्यानुसार मालाबद्दलची हरकत डिलिव्हरीपासून 15 दिवसांत लेखी घ्यावी लागते, नाहीतर माल स्वीकारला असे धरले जाते. येथे ग्राहकाने फोनवर 40 खोक्यांची तक्रार केली आणि कारखान्याने दोन दिवसांत ते बदलून दिले. लेखी हरकत कधी आलीच नाही. मिटलेला वाद पुरवठादाराच्याच सहीने पुन्हा जिवंत झाला. असा उल्लेख गाळावा, किंवा करायचाच असेल तर बदली मालाच्या चलनाचा क्रमांक आणि तारीख देऊन करावा. तक्रार खरोखरच अनिर्णित असेल तर मात्र शेवटचे पत्र पाठवण्याची वेळ आलेली नसते. आधी वादातली रक्कम वेगळी काढावी आणि उरलेल्या, वाद नसलेल्या रकमेची मागणी करावी.

काटछाट करताना शब्दांना हात लावण्याआधी एक निर्णय घ्यावा लागतो: पैसे आले नाहीत तर पुढे नेमके काय करायचे? तो झालेला नसतो म्हणूनच पत्रात तीन-तीन धमक्या येतात. या कारखान्याची उद्यम नोंदणी आहे आणि ती या व्यवहाराच्या आधीची आहे. त्यामुळे त्याच कायद्याच्या कलम 18 खाली सूक्ष्म व लघु उद्योग सुलभीकरण परिषदेकडे जाता येते. नोंदणी व्यवहारानंतरची असेल तर हा मार्ग वादात सापडतो. लेखी करार असला तरी सूक्ष्म किंवा लघु पुरवठादाराला पैसे देण्याची मुदत 45 दिवसांपलीकडे नेता येत नाही. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढीने व्याज लागते. एप्रिल 2025 मध्ये बँक दर 6.25 टक्के झाला, म्हणजे तिप्पट 18.75 टक्के. तरीही व्याजाचा आकडा पत्रात न घालणे शहाणपणाचे. त्यात चार रुपयांची चूक निघाली तरी समोरचा तिच्यावरच पत्रव्यवहार सुरू करतो आणि मूळ रक्कम बाजूला पडते. व्याजाचा हक्क राखून ठेवल्याचे एक वाक्य पुरते.

हे ठरल्यावर पत्र असे होते:

“दिनांक 5 मे 2025
विषय: बिल क्र. 112 ची बाकी रु. 1,36,400, अंतिम मागणी

स. न. वि. वि.
दि. 14 जानेवारी 2025 च्या बिल क्र. 112 पोटी रु. 1,86,400 येणे होते. त्यांपैकी रु. 50,000 दि. 3 मार्च रोजी मिळाले, त्याबद्दल आभार. उर्वरित रु. 1,36,400 ची मुदत 13 फेब्रुवारीला संपली असून आज 81 दिवस झाले आहेत.

ही रक्कम सोमवार, दि. 19 मे 2025 पर्यंत खाली दिलेल्या बँक खात्यात जमा करावी. तोपर्यंत ती न मिळाल्यास कायद्यानुसार देय व्याजासह वसुलीसाठी सुलभीकरण परिषदेकडे अर्ज करण्यात येईल. व्याजाचा हक्क राखून ठेवला आहे.

हिशेबात फरक वाटल्यास कृपया त्याच तारखेपर्यंत लेखी कळवावे. बिल, सही-शिक्क्याचे डिलिव्हरी चलन आणि खातेउतारा सोबत जोडला आहे.

आपला विश्वासू”

पत्राचा ठामपणा क्रियापदांत आहे. ‘जमा केलीत तर बरे होईल’ यात विनवणी आहे, ‘ताबडतोब जमा करा’ यात दटावणी. ‘जमा करावी’ हे दोन्हींच्या मधले रूप आहे आणि व्यवहाराच्या मराठीला ते शोभते. ‘न मिळाल्यास अर्ज करण्यात येईल’ हे वाक्य राग न दाखवता पुढची पायरी सांगते. सौजन्यासाठी स. न. वि. वि., मिळालेल्या रकमेचे आभार आणि एकच ‘कृपया’ पुरेसे आहे. ‘लोभ असावा’ मात्र येथे नको. ‘पंधरा दिवसांत’ म्हटले की दिवस कधीपासून मोजायचे हा प्रश्न उरतो, म्हणून वार आणि तारीख द्यावी. ती बँकेच्या सुट्टीवर पडत नाही ना, हेही पाहावे. 12 मे ठरवली असती तर तो बुद्धपौर्णिमेचा दिवस होता.

पत्र ग्राहकाच्या हिशेब विभागाला आणि मालकाला किंवा संचालकाला ईमेलने पाठवावे, आणि छापील प्रत पोच मिळेल अशा रीतीने पोस्टाने. ‘अंतिम’ हा शब्द एकदाच वापरता येतो. 20 मे रोजी अर्ज न करता पुन्हा ‘अंतिम’ पत्र गेले, तर समोरच्याला तिसऱ्याची वाट पाहायला हरकत वाटत नाही.

अशी पत्रे पाठवत राहिले की दावा जिवंत राहतो, हा समज चुकीचा आहे. दिवाणी दाव्याची साधारण तीन वर्षांची मुदत येणेकऱ्याच्या पत्राने वाढत नाही. देणेकऱ्याने ती संपण्याआधी सहीनिशी लेखी बाकी मान्य केली, तर मात्र तिथून नवी मुदत सुरू होते. ‘फरक वाटल्यास लेखी कळवावे’ ही ओळ म्हणूनच काढून टाकू नये. तिला आलेल्या सहीच्या उत्तरात ‘बाकी मान्य आहे, जूनमध्ये देऊ’ असे असेल, तर ते पत्र बिलाच्या फाइलमध्येच जपून ठेवावे.