बटाट्याच्या तळलेल्या पदार्थांतील ॲक्रिलामाइड

ॲक्रिलामाइड (रासायनिक सूत्र C3H5NO) हे पाण्यात सहज विरघळणारे, लहान रेणूचे सेंद्रिय संयुग आहे. पिष्टमय पदार्थ सुमारे १२० अंश सेल्सिअसच्या वर तळले, भाजले किंवा शेकले असता ते आपोआप तयार होते. उकडलेल्या वा वाफवलेल्या पदार्थांत ते जवळजवळ आढळत नाही, कारण पाणी असेपर्यंत पदार्थाचे तापमान १०० अंशांच्या फारसे वर जात नाही. बटाट्याचे वेफर्स व तळलेले काप, पाव, बिस्किटे आणि कॉफी हे त्याचे आहारातील मुख्य स्रोत होत. प्रस्तुत लेखात प्रामुख्याने बटाट्याचा विचार केला आहे, कारण ॲक्रिलामाइड कशामुळे वाढते व कशाने घटते, हे त्यात सर्वांत स्पष्ट दिसते.

== शोध ==

हा शोध स्वयंपाकघरात नव्हे, तर एका बोगद्यात सुरू झाला. १९९७ मध्ये स्वीडनमधील हालांडसोस येथे रेल्वेच्या बोगद्यातील पाण्याची गळती थांबवण्यासाठी ॲक्रिलामाइडयुक्त भरणद्रव्य वापरण्यात आले. ते नीट घट्ट न होता ओढ्यात उतरले; मासे मेले, त्या ओढ्याचे पाणी प्यालेल्या गाई लुळ्या पडल्या. कामगारांच्या रक्तातील हिमोग्लोबिनला चिकटलेले ॲक्रिलामाइड मोजले गेले. तुलनेसाठी घेतलेल्या, बोगद्याशी काहीही संबंध नसलेल्या लोकांच्या रक्तातही त्याची खूण सापडली. ती कोठून आली, या प्रश्नाचा माग स्टॉकहोम विद्यापीठातील मार्गारेटा टोर्नक्विस्ट व त्यांच्या सहकाऱ्यांनी अन्नापर्यंत नेला आणि एप्रिल २००२ मध्ये स्वीडनच्या अन्न प्रशासनाने ही बाब जाहीर केली. त्याच वर्षी दोन स्वतंत्र संशोधक गटांनी ॲक्रिलामाइडच्या निर्मितीचा मार्गही दाखवून दिला.

== निर्मितीची क्रिया ==

पावाच्या कडेला खमंग तांबूस रंग आणणाऱ्या मायलार अभिक्रियेचीच ही एक उपशाखा आहे. ॲस्पॅराजीन हे अमिनो आम्ल प्रथम ग्लुकोज किंवा फ्रुक्टोज यांसारख्या क्षपणकारी शर्करेशी जोडले जाते. तापमान वाढल्यावर या जोडीतून कार्बन डायऑक्साइड निघून जातो, नंतर कार्बन व नायट्रोजन यांमधील एक बंध तुटतो आणि ॲक्रिलामाइड सुटे होते. त्याच्या रेणूचा सांगाडा पूर्णपणे ॲस्पॅराजीनपासून आलेला असतो. शर्करेचे काम केवळ वाट उघडून देण्याचे. म्हणून पिष्टाला दोष देणे बरोबर नाही. पिष्टमय पदार्थांत हे दोन्ही घटक एकत्र असतात व ते पदार्थ बहुधा कोरड्या उष्णतेवर शिजवले जातात, एवढाच पिष्टाचा संबंध.

हे रूपांतर किती थोडे असते, हे एका उदाहरणाने कळेल. एक किलो वेफर्ससाठी साधारण चार किलो कच्चे बटाटे लागतात. दर किलोत तीन ग्रॅम मुक्त ॲस्पॅराजीन धरल्यास चार किलोंत १२ ग्रॅम, म्हणजे सुमारे ०.०९१ मोल होते. वेफर्समध्ये किलोमागे ७५० मायक्रोग्रॅम ॲक्रिलामाइड निघाले, तर ते सुमारे १०.६ मायक्रोमोल भरते. म्हणजे ॲस्पॅराजीनच्या साधारण साडेआठ हजार रेणूंपैकी एकाचेच रूपांतर झाले. यावरून एक गोष्ट लक्षात येते: बटाट्यात ॲस्पॅराजीन मुबलक असते, ते थोडे कमी केल्याने विशेष फरक पडत नाही. उणीव असते ती शर्करेची. म्हणून तिचे प्रमाण जसे बदलते, तसे ॲक्रिलामाइड बदलते.

== साठवण आणि शर्करा ==

बटाटा थंडीत गोड होतो. सुमारे ६ अंशांखाली ठेवल्यास त्यातील पिष्टाचे विघटन होऊन प्रथम सुक्रोज आणि मग इन्व्हर्टेज या विकरामुळे ग्लुकोज व फ्रुक्टोज बनते. शर्करा काही आठवड्यांत कित्येक पटींनी वाढू शकते. एकाच शेतातले, एकाच दिवशी काढलेले बटाटे दोन पोत्यांत विभागून एक पोते ४ अंशांवर व दुसरे १० ते १२ अंशांवर ठेवले, तर बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात. कढईत मात्र पहिल्या पोत्यातले काप आतपर्यंत शिजण्याआधीच करपट तांबडे होतात आणि किंचित कडवट लागतात. तो रंग हीच शर्करेची, आणि म्हणून ॲक्रिलामाइडचीही, सर्वांत सोपी खूण होय. कारखान्यांत माल उतरवून घेण्यापूर्वी काही काप तळून पाहण्याची पद्धत याच कारणाने आहे.

यामुळे प्रक्रियेसाठीचे बटाटे थंड न ठेवता १० ते १२ अंशांवर ठेवतात. मात्र तेथे मोड फुटतात, म्हणून मोडरोधक वापरावे लागते. थंड राहिलेला माल काही आठवडे १५ ते २० अंशांवर ठेवल्यास शर्करेचा बराच भाग श्वसनात खर्ची पडतो. फार जुन्या बटाट्यातील वार्धक्यजन्य गोडवा मात्र या उपायाने जात नाही. सिमल्याच्या केंद्रीय बटाटा संशोधन संस्थेने १९९८ मध्ये प्रसारित केलेले कुफरी चिपसोना-१ व २ हे वाण कमी क्षपणकारी शर्करेसाठीच निवडले गेले. घरी करण्याजोगी गोष्ट म्हणजे, तळायचे बटाटे फ्रिजमध्ये ठेवू नयेत.

== तळण्यापूर्वी व तळताना ==

काप थंड पाण्यात भिजवल्यास फक्त कापल्या गेलेल्या पेशींतील शर्करा धुतली जाते. आतल्या पेशींची पटले शाबूत असल्याने तेथील शर्करा बाहेर येत नाही. ७० ते ८० अंशांच्या पाण्यात काही मिनिटे ठेवल्यास पटले निकामी होतात व शर्करा खूप अधिक निघते. जाता जाता, महाराष्ट्रातील वाळवणाचे वेफर्स करताना काप उकळत्या पाण्यातून काढून मग उन्हात घालतात. ही रीत पांढऱ्या रंगासाठी रूढ झाली असली, तरी तिच्यात रसायनशास्त्रही आहे. मात्र गरम पाण्यात क जीवनसत्त्व आणि चवही काही अंशी जाते.

तळणीत शेवटची मिनिटे निर्णायक असतात. ओलावा असेपर्यंत काप थंड राहतो. पाणी संपत आले की पृष्ठभागाचे तापमान झपाट्याने तेलाकडे सरकते आणि ॲक्रिलामाइड त्याच वेळी वाढते. म्हणून तेल १७५ अंशांपेक्षा अधिक तापू न देणे आणि काप सोनेरी पिवळे असतानाच काढणे, हे दोन्ही महत्त्वाचे. वेफर्स मुळातच कोरडे करायचे असल्याने त्यांच्याबाबत हे कठीण जाते. निर्वात तळणीत कमी तापमानाला पाणी उडवून ही अडचण टाळता येते.

ॲस्पॅराजीनेज हे विकर ॲस्पॅराजीनचे ॲस्पार्टिक आम्लात रूपांतर करते. बिस्किटांच्या पिठात ते सहज मिसळते आणि उत्तम काम करते. बटाट्याच्या अखंड कापात ते आत शिरत नाही, म्हणून तेथे परिणाम कमी होतो.

== धोक्याचे मोजमाप ==

यकृतात ॲक्रिलामाइडचे ग्लिसिडामाइड बनते व ते डीएनएला चिकटते. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९४ मध्ये ॲक्रिलामाइडला 'मानवात बहुधा कर्ककारक' या गटात ठेवले. हा निष्कर्ष मुख्यतः प्राण्यांवरील प्रयोगांवर आधारलेला आहे आणि आहाराविषयीच्या मानवी अभ्यासांचे निकाल एकमेकांशी जुळत नाहीत. युरोपीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०१५ मध्ये प्राण्यांतील अर्बुदांसाठी शरीराच्या दर किलोमागे दररोज ०.१७ मिलिग्रॅम ही संदर्भमात्रा धरली. ७५० मायक्रोग्रॅम प्रतिकिलो असलेले ५० ग्रॅम वेफर्स ६० किलो वजनाच्या व्यक्तीने रोज खाल्ल्यास तिला किलोमागे सुमारे ०.६ मायक्रोग्रॅम मिळते. संदर्भमात्रा त्याच्या जवळपास २७० पट आहे. अशा जनुकविघातक द्रव्यांसाठी हे अंतर १०,००० पट असल्यास चिंता अल्प मानतात, म्हणून २७० पट पुरेसे ठरत नाही. ७५० हा आकडा युरोपीय संघाच्या २०१७ च्या नियमातील वेफर्सचा मानदंड आहे. ती कायदेशीर कमाल मर्यादा नव्हे. ती ओलांडल्यास उत्पादकाने आपली प्रक्रिया तपासावी, एवढेच अपेक्षित आहे.

== गहू व कॉफी ==

गव्हात चित्र उलटे असते: तेथे उणीव ॲस्पॅराजीनची असते. म्हणून पावाची कणीक जास्त वेळ आंबवल्यास यीस्ट ते खाऊन टाकते व ॲक्रिलामाइड घटते. गंधकाची कमतरता असलेल्या जमिनीतील गव्हात मात्र ते जास्त निघते. कॉफीत भाजणीच्या आरंभी बनलेले ॲक्रिलामाइड पुढे उष्णतेनेच नाश पावते, त्यामुळे फिक्या भाजणीच्या कॉफीत ते गडद कॉफीपेक्षा अधिक असते. रंगावरून अंदाज बांधण्याचा बटाट्याचा नियम तेथे लागू पडत नाही.