चॅटमधले फोटो गायब होतात? सपोर्टला मेल करताना 'कधी, कुठे, कसे' हे सांगाच

बेळगाव : शहापुरातले एक साडी व्यापारी ऑनलाइन विक्री करतात. गेल्या महिन्यात गिऱ्हाईकाने परत पाठवलेल्या साडीवर तेलाचे डाग निघाले. भरपाई हवी तर विक्रीच्या त्या प्लॅटफॉर्मवरच्या संभाषणात तीन दिवसांच्या आत फोटो टाकायचे, असा तिथला नियम. त्यांनी फोटो टाकले, पण दुसऱ्या दिवशी उत्तर आले, 'फोटो मिळाले नाहीत.' पुन्हा टाकले, पुन्हा तेच. वैतागून त्यांनी सपोर्टला मेल केला, 'फोटो गायब होतात, लवकर दुरुस्त करा.' त्यावर 'ॲप अपडेट करा, कॅशे साफ करा' एवढेच ठरलेले उत्तर आले. मुदतीचा एकच दिवस उरला होता.

यात सपोर्टवाल्यांचाही पूर्ण दोष नाही. 'गायब होतात' याचे तीन वेगळे अर्थ निघतात. पहिला, फोटो सर्व्हरवर पोचलाच नाही. आपल्या फोनवर दिसतो तो फक्त फोनमधली प्रत असते. दुसरा, फोटो पोचला, पण नंतर उघडत नाही, जागी करडा चौकोन राहतो. तिसरा, आख्खा मेसेजच नाहीसा होतो. तसे असेल तर ठरावीक वेळाने मेसेज पुसण्याची सेटिंग चालू आहे का, किंवा तो कुणी काढला का, ते बघावे लागते. तिन्हींची कारणे वेगळी, त्यामुळे आपला प्रकार कोणता ते आधी ओळखायचे.

आम्ही त्यांच्या दुकानात बसून साधी चाचणी केली. सकाळी ११.२० ला मोठा फोटो टाकला, ४.२ एमबीचा. ११.२४ ला छोटा, १८० केबीचा. मग तेच संभाषण लॅपटॉपवर खासगी विंडोत उघडले. खासगी विंडोत जुनी साठवलेली प्रत नसते, म्हणून सर्व्हरवर खरे काय आहे ते कळते. दोन्ही फोटो दिसले, म्हणजे ते पोचले होते. मग दर वेळी खासगी विंडो बंद करून नव्याने उघडली. १२.१८ ला दोन्ही दिसत होते. १२.२२ ला पहिला गेला, दुसरा होता. १२.२६ ला दुसराही गेला. मजकूर मात्र जागेवर होता. आणि फोनवर दोन्ही फोटो अजून छान दिसत होते! म्हणूनच व्यापाऱ्यांना इतके दिवस पत्ता लागला नव्हता.

प्रत्येक फोटो टाकल्यापासून साधारण तासाभराने जातो, लहान असो की मोठा, हे यातून कळले. आकाराचा संशय गेला. लॅपटॉपवर F12 दाबून Network मध्ये पाहिले, तर फोटोच्या ओळीपुढे 403 होते. 403 म्हणजे सर्व्हरने परवानगी नाकारली. फाइल सापडली नसती तर सहसा 404 आला असता, मोठी म्हणून नाकारली असती तर 413. अनेक प्लॅटफॉर्म फोटोला ठरावीक वेळेपुरती चालणारी लिंक देतात आणि ती संपली की नवी घेतात. इथे नवी घेतली जात नसावी, असा आमचा अंदाज. पण मेलमध्ये आधी पाहिलेले लिहायचे, अंदाज शेवटी, तोही एका ओळीत.

मग हा मेल गेला :

'विषय : संभाषणातले फोटो तासाभराने दिसेनासे होतात, भरपाईची मुदत उद्या संपते.

संभाषण क्रमांक व ऑर्डर क्रमांक खाली दिला आहे. आज भारतीय वेळेनुसार ११.२० व ११.२४ ला (यूटीसी ०५.५० व ०५.५४) दोन जेपीजी फोटो टाकले, ४.२ एमबी व १८० केबी. दोन्ही लॅपटॉपवर दिसले. पहिला १२.१८ ते १२.२२ च्या दरम्यान, दुसरा १२.२२ ते १२.२६ च्या दरम्यान दिसेनासा झाला. मजकूर आहे, फोटोच्या जागी करडा चौकोन आहे, सर्व्हरचे उत्तर 403. टाकलेल्या फोनवर फोटो अजून दिसतात. फोन, ॲप व ब्राउझरची आवृत्ती खाली दिली आहे. वायफाय व मोबाइल डेटा, दोन्हींवर असेच होते. लिंकची वेळ संपत असावी असे वाटते. मूळ फोटो सोबत जोडले आहेत, ते दाव्यासाठी धरावेत व मुदत थांबवावी, ही विनंती.'

यूटीसी वेळ मुद्दाम दिली. सर्व्हरच्या नोंदी बहुधा त्याच वेळेत असतात आणि आपली वेळ साडेपाच तास पुढे. नेमकी वेळ असली की हजारो नोंदींतून आपली सापडते. स्क्रीनशॉट पूर्ण पडद्याचा जोडला, वेळ दिसेल असा. पासवर्ड, ओटीपी मात्र कुणी मागितले तरी द्यायचे नाहीत. Network मधली सगळी नोंद फाइल करून पाठवायला सांगितली तर आधी विचारा, कारण तिच्यात आपल्या लॉगिनची खूणही असू शकते.

संध्याकाळी उत्तर आले. बिघाड तांत्रिक विभागाकडे गेला आणि मेलमधले फोटो दाव्याला जोडून घेतले. संभाषणातले फोटो त्या दिवशी काही परत दिसले नाहीत, पण साडीचा दावा मुदतीत बसला. मूळ फोटो फोनमधून पुसले असते, तर तेवढेही झाले नसते.