साठ फ्रेमचा लगाम नेमका कुठून ओढायचा?

मे महिन्यात नांदेड-लातूरचा पारा ४२ च्या पुढे सरकला की गेमिंग लॅपटॉपचा पंखा खोलीतल्या कुलरशी स्पर्धा करू लागतो. त्यावर सोपा इलाज म्हणजे फ्रेमवर मर्यादा घालायची. ग्राफिक्स कार्ड सेकंदाला ९० चित्रं काढू शकत असलं तरी त्याला ६० वरच थांबवायचं. काम कमी झालं की तापणंही कमी. ही मर्यादा तीन ठिकाणी घालता येते. एक, गेमच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये. दोन, कार्डाच्या ड्रायव्हरमध्ये. एनव्हिडियाच्या कंट्रोल पॅनलमध्ये Max Frame Rate हा पर्याय जानेवारी २०२० मध्ये आला. तीन, रिवाट्यूनर म्हणजे RTSS सारख्या बाहेरच्या प्रोग्रामात. तिन्हीकडे आकडा ६० चाच, पण माउस हातात घेतला की फरक कळतो.

साठच्या वेगात एका फ्रेमच्या वाट्याला १६.७ मिलिसेकंद येतात. समजा, माउस कुठे हलला हे वाचून, हिशेब करून, फ्रेम पुढे सोपवायला गेमला ५ मिलिसेकंद पुरतात. उरलेले ११.७ मिलिसेकंद कुठेतरी थांबून काढायचे आहेत. तिन्ही पद्धतींतला सगळा फरक या थांबण्याच्या जागेत आहे.

गेमचा स्वतःचा लिमिटर आधी थांबतो, मग माउस वाचतो. बाहेरचा लिमिटर गेमच्या आत काय चाललंय ते जाणत नाही. तयार फ्रेम पडद्याकडे पाठवण्याचा जो शेवटचा आदेश असतो, तिथेच तो हात आडवा घालतो. तोवर माउस कधीच वाचून झालेला असतो. नांदेडला येणारी गाडी आउटरला उभी राहावी तसं हे आहे: ती फलाटावर ठरल्या मिनिटाला लागेलही, पण आतले प्रवासी मागच्या स्टेशनातच चढलेले असतात. आपल्या उदाहरणात पडद्यावर दिसणारी हालचाल ११.७ मिलिसेकंदांनी शिळी झाली. जास्तीत जास्त तोटा साधारण एका फ्रेमचा. म्हणून १४४ हर्ट्झच्या पडद्यावर १३८ ची मर्यादा घातली तर तो सव्वासात मिलिसेकंदांच्या आत राहतो, आणि ३० वर मात्र चांगलाच जाणवतो. ड्रायव्हरचा लिमिटरही साधारण याच टोकाला अडवतो, त्यामुळे विलंबात तो RTSS च्या जवळपास येतो. त्याचा फायदा एवढाच की वेगळं काही बसवावं लागत नाही आणि गेमच्या प्रक्रियेत बाहेरचा कोड शिरलेला पाहून बिथरणाऱ्या अँटी-चीटशी भांडण होत नाही.

मग RTSS लोक वापरतात कशाला? फ्रेम ठरावीक अंतराने पडाव्यात म्हणून. गेमचा लिमिटर फ्रेमची सुरुवात घड्याळावर आणतो, शेवट नाही. एका फ्रेमचा हिशेब ५ मिलिसेकंदांत आटोपला आणि पुढचीचा ९ मध्ये, तर सुरुवाती सारख्या अंतराने होऊनही फ्रेम हातावेगळ्या होण्यात २०.७ मिलिसेकंदांचं अंतर पडतं. त्यात काही गेम विंडोजच्या ढोबळ झोपेवर विसंबतात आणि जाग यायला उशीर होतो. RTSS शेवटचा क्षण नेमका पकडतो. त्यासाठी तो प्रोसेसरला काही वेळ नुसता घड्याळाकडे बघत बसवतो, म्हणजे थोडी वीज तिथे जातेच.

इथे एक सावधगिरी. RTSS चा आलेख सपाट दिसला म्हणून हुरळून जाऊ नये. जिथे तो अडवतो तिथेच तो मोजतो, मग रेघ सपाट येणारच. खरी परीक्षा पडद्यावर चित्र बदललं कधी याची. इंटेलच्या प्रेझेंटमॉनमधला MsBetweenDisplayChange हा रकाना ते सांगतो. विलंब मोजायला मोबाइलचा २४० फ्रेमचा स्लो-मोशन कॅमेरा चालतो: माउसचं बटण दाबल्यापासून बंदुकीच्या तोंडाशी उजेड दिसेपर्यंतच्या फ्रेम मोजायच्या. एक फ्रेम म्हणजे ४.२ मिलिसेकंद, तेव्हा आपला ११.७ चा फरक जेमतेम तीन फ्रेमचा. अनेक वेळा दाबून सरासरी काढल्याशिवाय तो हाती लागत नाही.

आणि ही सगळी तुलना कार्डाला दम उरला असेल तरच. मर्यादा ६० ची आणि कार्ड ५० वरच धापा टाकत असेल, तर एकही लिमिटर कामाला लागत नाही. उलट फ्रेम कार्डापुढे रांग लावतात. डायरेक्टएक्समध्ये ही रांग मूळ सेटिंगनुसार तीन फ्रेमपर्यंत जाऊ शकते. त्या रांगेपुढे बाहेरच्या लिमिटरचा एका फ्रेमचा तोटा किरकोळ. म्हणून मी आधी कार्डाचा वापर बघतो. तो ९८-९९ टक्क्यांना चिकटला असेल, तर चित्राचा दर्जा किंवा मर्यादा खाली आणायची. नेमबाजीच्या खेळात गेमचाच लिमिटर, कथेच्या सावकाश खेळात RTSS, ही माझी निवड.

२०२० च्या सप्टेंबरात आलेल्या एनव्हिडिया रिफ्लेक्सने ही वाटणी काहीशी पुसली आहे. ज्या गेममध्ये रिफ्लेक्स आहे तिथे थांबण्याची जागा माउस वाचण्याच्या आधी सरकते, आणि RTSS च्या नव्या आवृत्त्यांना तीच जागा वापरता येते. जुन्या गेममध्ये ती सोय नाही. तिथे हात की डोळा, कुणाचं ऐकायचं ते खेळणाऱ्यालाच ठरवावं लागतं.