पेल्यातले मूग: एक उजेडात, एक अंधारात

कळवण भागात कांद्याचे उळे टाकल्यावर उगवायला आठवडाभर तरी लागतो. मूग मात्र दोन-तीन दिवसांत उगवतात, म्हणून लहान मुलांच्या प्रयोगाला ते सोयीचे. चहाच्या दोन वापरलेल्या कागदी कपांना तळाशी भोक पाडून सारखी माती भरतात. एखादे बी निकामी निघू शकते, म्हणून प्रत्येकात भिजवलेले पाच मूग पेरतात. एक कप खिडकीत, दुसरा खोक्याखाली ठेवतात. मुले रोज रोपाएवढी कागदाची पट्टी कापून तारखेसह वहीत चिकटवतात. त्यातूनच आलेख तयार होतो. आठवड्याने अंधारातले रोप जास्त उंच, पण पिवळे आणि लुळे दिसते. बियांतला अन्नसाठा खर्चून ते उजेडाच्या शोधात लांबत असते. त्यामुळे उंचीबरोबर रंगही नोंदवावा लागतो. खोक्याखालची माती उशिरा सुकते. तिला कुबट वास आला, तर पाणी जास्त झाले असे समजावे.